ग्रुपवरचं ‘दूध’ आणि नवा माणूस

मित्रांच्या ग्रुपवर एखादा शब्द पडतो आणि सात-आठ जण एकदम हसू लागतात. जो नुकताच आत आलाय त्याला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही. त्यानं धीर करून विचारलं तर उत्तर येतं, “जाऊ दे, तवा तू नव्हतास.” हे उत्तर तुटक वाटतं, पण खरं आहे. ग्रुपमधला खासगी विनोद समजायला तो घडताना तिथं असावंच लागतं. नंतर कितीही नीट समजावून सांगितला तरी ऐकणाऱ्याला माहिती मिळते, हसू येत नाही. म्हणून नव्या माणसाला जुने किस्से शिकवत बसण्यात मला काही अर्थ दिसत नाही. त्याच्यासोबत नवा किस्सा घडायला जागा ठेवावी आणि जुना विनोद आपल्या मरणानं मरू द्यावा, असं माझं म्हणणं आहे.

यावर कुणी म्हणेल, चार पोरांच्या थट्टामस्करीवर लेख कशाला? तर मराठवाड्यात हा ग्रुप नुसता थट्टेचा नसतो. दहावी झाली की पोरगं लातूरला खोली करून राहतं, पुढं संभाजीनगर नाहीतर पुण्याच्या पेठा. खोली कुठं रिकामी झाली, मेस कुणाची बरी, जुनी पुस्तकं कोण विकतंय, दिवाळीला गावाकडं गाडी कुणाची चाललीय, हे सगळं त्याच ग्रुपवर येतं. हसण्यातून बाहेर पडलेला माणूस हळूहळू ग्रुप म्यूट करतो, आणि मग या बातम्यांतूनही बाहेर पडतो.

हा विनोद तयार कसा होतो ते आमच्याच ग्रुपवर पाहू. लातुरात २०१६चा उन्हाळा ज्यांनी काढला त्यांना तो वेगळा सांगायला नको. पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून मार्चमध्ये जमावबंदी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी. आमच्या तीन खोल्यांचा मिळून एक ग्रुप होता. टँकर कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून ज्याला आधी दिसेल त्यानं ग्रुपवर टाकायचं आणि बाकीच्यांनी घागरी, बादल्या, ड्रम घेऊन पळायचं, असं ठरलं होतं.

एका पहाटे लाईट गेलेली. अहमदपूरवाला गच्चीवर झोपला होता. खाली मोठी गाडी थांबल्याचा आवाज आला आणि त्यानं डोळे न उघडताच ग्रुपवर टाकलं, “टँकर आलं, पळा.” सगळे अंधारात भांडी वाजवत खाली. गाडीजवळ गेल्यावर मोबाईलच्या उजेडात चकचकीत स्टीलची टाकी दिसली. ड्रायव्हर खाली उतरून टायरला हवा आहे का बघत होता. एकानं नळी कुठं लावायची विचारलं, तर तो म्हणाला, “पोरांनो, दूध हाय ह्यात.” सगळे रिकाम्या घागरी घेऊन परत वर.

त्या सकाळी ग्रुपवर जे झालं ते नेहमीचंच होतं, अहमदपूरवाल्याची टर उडवली गेली. एवढ्यावर खासगी विनोद तयार होत नाही, तो निव्वळ किस्सा असतो. विनोद तयार झाला तो काही दिवसांनी, जेव्हा कुणीतरी एका भरतीची जाहिरात निघाल्याची बातमी ग्रुपवर टाकली आणि ती दोन वर्षांपूर्वीची निघाली. त्यावर जिंतूरच्या पोरानं लिहिलं, “दुधाचं टँकर दिसायलंय.” पहिल्यांदाच तो किस्सा आपली जागा सोडून दुसऱ्या गोष्टीला लागू झाला होता. मग निकालाच्या अफवा, कुणाचं लग्न ठरल्याची बातमी, सर आज येणार नाहीत म्हणणारा मेसेज, सगळ्यांना “दुधाचं टँकर”. पुढं पुढं टँकरही गळालं आणि नुसतं “दूध” राहिलं. शेवटी तर दुधाच्या पेल्याचं एक चित्र टाकलं तरी पुरायचं.

हे आखडत जाणं प्रयोगात मोजलेलं आहे. हर्बर्ट क्लार्क आणि डियाना विल्क्स-गिब्स या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली त्यांचं काम प्रसिद्ध केलं. दोन माणसं, मध्ये आडोसा, दोघांकडे तीच बारा विचित्र आकृत्यांची चित्रं. एकानं चित्रांचं वर्णन करायचं, दुसऱ्यानं ती त्याच क्रमानं लावायची, आणि हे सहा वेळा. पहिल्या खेपेला एका चित्रामागे सरासरी ४१ शब्द लागले. सहाव्या खेपेला आठ. बर्फावर घसरत चाललेला माणूस, फक्त त्याचे दोन्ही हात पुढं आलेत, असं लांबलचक सुरू झालेलं वर्णन शेवटी “बर्फावरचा घसरणारा” इतकं उरलं. हे नाव आधीपासून कुठं लिहिलेलं नव्हतं. एकानं सुचवलं, दुसऱ्यानं “हां, कळलं” म्हटलं, आणि तेवढ्यानं ते दोघांचं झालं. आमच्या ग्रुपवर “दूध” असंच झालं. जिंतूरवाल्यानं टाकलं आणि बाकीच्यांनी हसून त्यावर शिक्का मारला. कुणीच हसलं नसतं तर तो शब्द तिथंच संपला असता, आणि असे कितीतरी शब्द रोज संपतात. विनोद एकाच्या डोक्यातून निघतो खरा, पण तो उभा राहतो बाकीच्यांच्या होकारावर.

आता नव्या माणसाकडे येऊ. २०१८ला एक खाट रिकामी झाली आणि भोकरचा एक पोरगा राहायला आला. पोरगा अभ्यासू, बोलायला गोड. आल्या आल्या त्याला ग्रुपमध्ये घेतलं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यानं मोठ्या उत्साहानं एका परीक्षेची तारीख पुढं गेल्याची बातमी टाकली. खाली ओळीनं पाच जणांचं उत्तर: दूध, दूध, पेला, पेला, दूध. त्याचा बराच वेळ काही मेसेज नाही. मग त्यानं विचारलं, “म्हणजे?” कुणीतरी हसण्याची चित्रं टाकली. परत शांत.

या ठिकाणी ग्रुपवाले सहसा दोन सल्ले देतात. एक, वर सरकवून जुना चॅट वाच. दुसरा, ज्याला किस्सा माहीत आहे तो आवाजाचा लांब मेसेज करून सगळं सांगतो. पहिला सल्ला बहुतेक वेळा तसाही निकामी असतो, कारण नव्याचा चॅट त्याच्या येण्यापासूनच सुरू होतो. आणि मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय लावली असेल तर २४ तासांत, सात दिवसांत नाहीतर ९० दिवसांत जुन्यांच्या फोनवरूनही ते जातात. पण समजा सगळं जसंच्या तसं वाचायला मिळालं, तरी काय होतं?

याचंही उत्तर आहे. मायकेल शोबर आणि क्लार्क यांनी १९८९ला तोच चित्रांचा खेळ घेतला, फक्त त्यात एक तिसरा माणूस आणला. तो या दोघांचं संपूर्ण बोलणं पहिल्या शब्दापासून ऐकायचा आणि स्वतः चित्रं लावायचा. त्याला बोलायची मात्र परवानगी नव्हती. त्याच्या कानावर पडलं ते सगळं जोडीदाराला ऐकू आलं तेवढंच होतं. तरीही चित्रं लावण्यात तो जोडीदारापेक्षा जास्त चुकला. जोडीदाराला अडल्यावर थांबवता येत होतं, “हात पुढं म्हणजे कुठल्या बाजूला?” असं विचारता येत होतं, आणि बोलणारा त्याला कळेपर्यंत शब्द बदलत होता. तिसऱ्यासाठी कुणी शब्द बदलत नव्हतं. जुना चॅट वाचणारा नवा माणूस या तिसऱ्यासारखाच असतो. सगळं त्याच्यासमोर आहे, पण त्यातला एकही शब्द त्याच्यासाठी वळवलेला नाही.

आवाजाच्या मेसेजचं तर विचारूच नका. भोकरच्या पोराला आमच्यातल्या एकानं गच्ची, अंधार, ड्रायव्हर, सगळं रंगवून सांगितलं. त्याचं उत्तर आलं, “हाहा, भारी.” ज्यानं चार-दोन ग्रुप पाहिलेत त्याला हे “हाहा, भारी” लगेच ओळखू येतं. खरं हसू आलेला माणूस वर आणखी काहीतरी जोडतो, चुकीचं का होईना. नुसता अंगठा दाखवणारा, प्रत्येक मेसेजवर तेच एक हसरं चित्र चिकटवणारा, विचारल्याशिवाय न लिहिणारा, हा माणूस ग्रुपमध्ये असतो पण ग्रुपचा नसतो. आणि कधी कधी उलटं होतं, तो विनोद वापरायला जातो आणि खऱ्या बातमीखाली “दूध” लिहितो. मग कुणीच काही बोलत नाही. तो गप्पपणा “म्हणजे?”च्या गप्पपणापेक्षा जास्त लागतो.

चॅटवर हे सगळं समोरासमोर बसण्यापेक्षा कठीण का होतं, याचं कारण मला साधं वाटतं. पारावर किंवा टपरीवर चार जण हसले तर नवा माणूस शेजारच्याला कोपरानं ढोसून हळूच विचारतो, “काय झालं?” तोही हळूच दोन शब्द सांगतो. बाकीच्यांना पत्ताही लागत नाही. शिवाय हसणाऱ्यांची तोंडं दिसतात, त्यामुळे थट्टा कुणावर आहे, कडवट आहे की गोड, एवढं तरी कळतं. ग्रुपवर शेजारी कुणी नसतो. तिथं विचारलेलं सगळ्यांसमोर विचारलेलं असतं आणि खाली लेखी राहतं. अज्ञान जाहीर करायची ही किंमत नव्या माणसाला भारी पडते, म्हणून तो विचारत नाही.

याचा अर्थ जुने लोक दुष्ट असतात असा नाही. “दूध” लिहिणाऱ्या पाच जणांपैकी एकाच्याही मनात भोकरच्या पोराला दूर ठेवायचं नव्हतं. उलट त्यांच्या मते तो आता आपला झाला होता, म्हणून तर त्याच्यावर विनोद टाकला. अडचण अशी की आतल्यांना जी जवळीक वाटते ती बाहेरच्याला टवाळी वाटते. पण हेतू चांगला होता म्हणून परिणाम बदलत नाही. “मजाक हाय राव, मनावर नको घेऊ” हे वाक्य आपल्याकडं फार लवकर बाहेर पडतं. आणि ज्या ‘विनोदा’त एखाद्याच्या जातीवरून, रंगावरून किंवा बापाच्या कर्जावरून नाव पाडलेलं असतं, त्याला मी या लेखातला विनोद म्हणतच नाही. त्यात नवं-जुनं असा प्रश्न नाही, तो दादागिरीचा प्रकार आहे.

आता हे विनोद मरतात कसे? गॅरी अ‍ॅलन फाइन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं लहान मुलांच्या बेसबॉल संघांत बसून, त्यांच्या चिडवण्या-नावांवरून १९७९ला एक लेख लिहिला. छोट्या गटाची स्वतःची अशी संस्कृती असते आणि एखादी गोष्ट तिच्यात टिकायची तर पाच गोष्टी जुळाव्या लागतात, असं त्याचं म्हणणं. ती सगळ्यांना माहीत हवी, चारचौघांत वापरता यायला हवी, गटाच्या काही कामाला यायला हवी, गटातल्या मोठेपणाच्या पायऱ्यांशी विसंगत नको, आणि तिला ठिणगी देणारा प्रसंग घडत राहायला हवा. विनोद मेला की यातलं काय निखळलं ते बहुधा सापडतं.

आमच्या “दूध”चं आधी प्रसंगाशी नातं तुटलं. पाच जण पुण्याला गेले, दोघं नोकरीला लागले. भरतीच्या अफवा पूर्वी दिवसाआड यायच्या, त्यांत कुणाला रस उरला नाही. अफवाच नसेल तर “दूध” म्हणायचं कशाला? त्याच सुमारास एकानं पेल्याचं स्टिकर तयार केलं, दुसऱ्यानं ग्रुपचं नावच बदलून “दूध डेअरी” ठेवलं. विनोद टिकवायला म्हणून हे केलं जातं, पण माझ्या पाहण्यात त्यानं तो लवकर संपतो. स्टिकर हाताशी असलं की ते कारण नसताना पडतं, “शुभ सकाळ”च्या खालीही पडतं. अनपेक्षितपणा गेला की हसण्यासारखं काय राहिलं?

पण खरा घाव मोठेपणाच्या पायरीनं घातला. अहमदपूरवाला फौजदाराच्या परीक्षेत निघाला. तीन प्रयत्नांनंतर. त्यानं रात्री ग्रुपवर यादीचा फोटो टाकला, नाव पेननं गोल केलेलं. खाली अभिनंदनाच्या आधी, सवयीनं, एक पेला पडला. ज्याच्यावरून तो विनोद जन्माला आला त्याच्याच आयुष्यातल्या सर्वांत खऱ्या बातमीवर. त्यानं काही उत्तर दिलं नाही. बाकीच्यांनी भराभर फुलं, हार, पेढे टाकले आणि तो पेला वर सरकून गेला. त्यानंतर ग्रुपवर कुणी “दूध” म्हटल्याचं माझ्या आठवणीत नाही. कुणी बंदी घातली नाही, चर्चाही झाली नाही. फाइनच्या संघातही असंच झालं होतं: साध्या जागी खेळणाऱ्या पोराचं चिडवायचं नाव होतं, तो पुढच्या वर्षी महत्त्वाचा खेळाडू झाला आणि ते नाव मागं पडून जरा मानाचं नाव आलं. माणूस वर चढला की त्याच्या फजितीवर उभा असलेला विनोद अवघड होऊन बसतो. तो तसा सोडून देणं शहाणपणाचंच आहे.

याच्या उलट, आपल्याकडं एक थट्टा पिढ्यान् पिढ्या मरायला तयार नाही: “जगात जर्मनी, भारतात परभणी.” ही म्हण कशी आली याच्या जेवढी तोंडं तेवढ्या कथा आहेत, आणि त्यांतली कुठली खरी हे कळल्यावाचून कुणाचं काही अडत नाही. यमक आहे, म्हणून एकदा ऐकून पाठ होते. खड्ड्यातून गाडी गेली तरी चालते आणि पोरगं कलेक्टर झालं तरी चालते. मुख्य म्हणजे ती परभणीकर स्वतःच म्हणतात, त्यामुळे दुसऱ्यानं म्हटली तर ते दुखावत नाहीत, दुसरी ओळ पुरी करतात. बाहेरून बदली होऊन आलेला कारकून पहिल्याच आठवड्यात ती वापरू शकतो. “दूध” समजायला ती पहाट माहीत असावी लागते, परभणीच्या म्हणीला काहीच माहीत असावं लागत नाही. म्हणून पहिला विनोद घट्ट मैत्री करतो आणि लवकर मरतो. दुसरा मैत्री करत नाही, पण दार उघडं ठेवतो. दोन्ही लागतात, आणि एकाकडून दुसऱ्याच्या कामाची अपेक्षा करू नये.

भोकरच्या पोराचं पुढं काय झालं, ते सांगायला हवं. “हाहा, भारी” नंतर काही दिवसांनी पुन्हा कुठल्याशा अफवेवर “दूध” पडलं. त्यानं खाली लिहिलं, “कुठं मिळायलंय? अर्धा लिटर मलाबी.” एक मिनिट कुणी काही बोललं नाही आणि मग ग्रुप फुटला. तेव्हापासून “दूध”ला जोडउत्तर तयार झालं, एकानं “दूध” म्हणायचं आणि दुसऱ्यानं “अर्धा लिटर”. हा भाग त्याचा होता. तो किस्सा त्याला कधीच आमच्यासारखा आठवणार नव्हता, पण त्याला त्याची गरजही उरली नाही. त्याला आत आणणारा आवाजाचा मेसेज नव्हता. त्यानं काहीतरी टाकलं आणि बाकीच्यांनी त्याला हसून होकार दिला, एवढंच झालं. तो होकार देणं जुन्यांच्या हातात असतं. नव्याचा पहिला विनोद अनेकदा फुसका असतो. त्यावर कुणीच काही लिहिलं नाही तर दुसरा येत नाही. फुसक्यावरही एखाद्यानं काहीतरी जोडलं तर पुढचा येतो.

सगळ्यांना असं सुचत नाही, हेही खरं. त्याच्यानंतर आलेला एक जण शेवटपर्यंत अंगठेच दाखवत राहिला. आणि त्याच काळात जुन्यांपैकी कुणीतरी जुन्यांचा वेगळा ग्रुप काढला होता, मोकळेपणानं बोलता यावं म्हणून. माझा त्या ग्रुपला विरोध नव्हता; सात मित्रांना आपलं आपलं हसायचा हक्क आहे, प्रत्येक विनोद सगळ्यांसाठी असलाच पाहिजे असं मी म्हणत नाही. पण जूनमध्ये मालकानं खालची मोठी खोली रिकामी होत असल्याचं सांगितलं, तेव्हा ते कुणीतरी त्या जुन्यांच्या ग्रुपवर टाकलं, कारण सगळी जिवंत बोलणी आता तिथंच होत होती. मोठ्या ग्रुपवर ते गेलंच नाही. अंगठेवाल्याला खोलीची खरी गरज होती, दोघं भाऊ एका खाटेवर झोपत होते. त्याला कळलं तेव्हा खोली दुसऱ्यांनी घेतली होती.

म्हणून मी दोनच गोष्टींचा आग्रह धरतो. खोली, मेस, फॉर्म, गाडी यांची बातमी सगळे असतील त्याच ग्रुपवर पडली पाहिजे, थट्टा कुठंही होवो. आणि ज्यानं नव्या माणसाला आत घेतलं, त्यानं पहिले काही दिवस त्याला वैयक्तिक मेसेजवर मागं-पुढं सांगत राहावं: हे कुणावर चाललंय, हे मनावर घ्यायचं नाही, हे मात्र खरं आहे. टपरीवरच्या कोपराचं काम तेवढंच असायचं. आमच्याकडं ते जिंतूरवाल्यानं केलं असतं तर त्या दोन भावांना खोली मिळाली असती. त्याच्याच गावाकडचे होते ते.